कढीपत्त्याचा वास राखताना

कढीपत्त्याचे पान उजेडाकडे धरले की त्यात टाचणीने टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. वास असतो तो या ठिपक्यांत. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत. लिंबाच्या सालीवर नख मारले की जशा फुटतात, तशाच. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्याच कुळातला, त्यामुळे हे सारखेपण नवलाचे नाही. ग्रंथी शाबूत असेपर्यंत तेल आत राहते. पान चुरगळले, तापले, सडले किंवा गोठून पुन्हा सैल पडले की तेल बाहेर येते आणि बघता बघता उडून जाते.

या तेलात बरेच घटक असतात. त्यांतले काही कापरासारखे, काही लिंबासारखे, काही ओल्या पाल्यासारखे वास देतात. पण त्या सगळ्यांची बेरीज केली तरी कढीपत्ता होत नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ताज्या पानांचा वास घटकाघटकाने सुटा करून पाहिला, तेव्हा एक गंधकयुक्त घटक सगळ्यांत जोरकस निघाला. एकट्याने हुंगला तर तो काहीसा जळकट लागतो, पण कढीपत्त्याची ओळख पटते ती त्याच्यामुळेच. असली गंधकाची संयुगे हवेत आणि उष्णतेत लवकर बिघडतात. वाळवलेल्या पानाला पुष्कळदा नुसत्या सुक्या पाल्याचा वास येतो, त्याचे कारण हेच. पान हिरवे दिसते, कुरकुरीत लागते, पण फोडणीत टाकल्यावर घरभर जे दरवळायला हवे ते दरवळत नाही. म्हणून साठवणीचा विचार करताना रंग टिकला की नाही हे दुय्यम आणि वास टिकला की नाही हे मुख्य धरावे लागते.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत कढीपत्ता बाजारातून आणावा लागतोच असे नाही. वस्तीवरच्या घरांत तो न्हाणीच्या किंवा मोरीच्या पाण्यावर वाढलेला असतो. झाड जुने असले तर बुंध्याभोवती फुटव्यांचे रानच माजलेले दिसते. पावसाळ्यात त्याला इतका पाला येतो की शेजारीपाजारी वाटूनही उरतो. थंडी पडली की वाढ थांबते, खालची पाने पिवळी पडून गळतात आणि पौषात त्याच झाडावर फोडणीपुरती चार पाने शोधावी लागतात. मंडईतही तेच. पावसाळ्यात भाजीवाल्या मेथी-पालकाच्या पिशवीत डहाळी फुकट टाकतात, आणि थंडीत तीच जुडी मोजून पैसे घेऊन देतात. साठवण करायची ती या दोन टोकांमधली दरी भरून काढण्यासाठी.

निवड मात्र पाला भरपूर आहे म्हणून कशीही करून चालत नाही. शेंड्याची कोवळी, पोपटी पाने दिसायला सुरेख, पण त्यांत पाणी जास्त असते. ती वाळताना आक्रसून काळपट होतात आणि गोठवली तर लिबलिबीत पडतात. अगदी खालची जून पाने चामड्यासारखी होतात आणि त्यांवर करपल्यासारखे डाग असतात. या दोहोंमधली, पूर्ण उघडलेली, गडद हिरवी पण नखाने सहज तुटणारी पाने साठवणीला घ्यावीत. परीक्षा सोपी आहे. एक पान मधोमध फाडून दोन बोटांत चोळावे, हात खाली घ्यावा आणि मिनिटभराने बोटे हुंगावीत. वास तसाच रेंगाळत असेल तर झाड चांगले. फाडताना भपकन आला आणि लगेच गेला तर तो पाला रोजच्या आमटीला वापरावा, साठवू नये.

वाणाचाही फरक पडतो. परसातली लहान, टोकदार, गडद पानांची गावठी झाडे वासाला बहुधा सरस ठरतात, तर मोठ्या रुंद फिक्या पानांची झाडे पाला भरपूर देतात पण वासाला उणी पडतात. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने वासाकडे पाहूनच ‘सुवासिनी’ हे वाण निवडले, आणि नावाप्रमाणे त्याचा लौकिक आहे. तरी मंडईतल्या जुडीवर वाणाचे नाव लिहिलेले नसते. तिथे बोटांची परीक्षाच कामाला येते.

जुडी विकत घेताना दांड्याच्या कापलेल्या टोकाकडे पाहावे. ते ओलसर आणि फिकट असेल तर माल त्या सकाळचा, काळे पडून वाळले असेल तर कालपरवाचा. जुडी हलकेच झटकावी. पाने झडायला लागली तर ती नको, कारण कढीपत्त्याची पर्णिका देठाच्या सांध्यातून फार लवकर सुटते आणि हे सुटणे म्हणजे शिळेपणाची पहिली खूण. पाणी मारून चमकवलेला पाला तर टाळावाच. तो घरी येईपर्यंत पिशवीत घामेजतो आणि रात्रीत काळे ठिपके धरतो. पानांच्या मागे चिकट थर, बारीक पांढरे कापसासारखे पुंजके किंवा कुरतडलेल्या कडा दिसल्या तर मावा, पिठ्या ढेकूण किंवा लिंबावरच्या फुलपाखराची अळी येऊन गेली असे समजावे. कुरतडलेले पान खायला वाईट नसते, पण फाटलेल्या कडेने ते आधी काळे पडते, म्हणून साठवणीतून वगळावे. उलट एकही पान न खाल्लेली, एकसारखी चकचकीत जुडी फवारणीची शंका आणते. तशी पाने पंधराएक मिनिटे चिंचेच्या पातळ पाण्यात बुडवून मग साध्या पाण्याने दोनदा धुण्याची केरळातली रीत इथेही वापरण्यासारखी आहे.

घरच्या झाडाची तोड सकाळी, दव उडाल्यावर आणि ऊन चढण्याआधी करावी. नुकतेच पाणी दिले असेल किंवा पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस थांबलेले बरे, कारण पाणी प्यायलेला पाला वाळायला वेळ घेतो आणि तेवढा वेळ वास उडत राहतो.

आठवडा-पंधरा दिवसांसाठी पाने ताजीच ठेवायची असतील तर ती धुऊ नयेत. धुण्याचे काम वापरताना करावे. डहाळ्या कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात घालाव्यात आणि डबा फ्रिजच्या दारात किंवा खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावा. फडके पानांतून निघणारा ओलावा टिपते. चौथ्या दिवशी ते हाताला दमट लागले की बदलावे, एवढी काळजी घेतली तर दोन आठवडे पाने हिरवी राहतात. फ्रिजच्या मागच्या भिंतीला डबा टेकला तर त्या बाजूची पाने अर्धवट गोठून काळी पडतात. त्याच कप्प्यात पिकलेली केळी किंवा पेरू असतील तर पाने देठापासून सुटून डब्याच्या तळाला जमतात. पिकणाऱ्या फळातून निघणारा वायू पानगळ घडवतो, त्याचा हा घरगुती पुरावा. फ्रिज नसेल तर डहाळ्या तांब्यात पाण्यात उभ्या करून माठाच्या शेजारी, ओल्या वाळूच्या गारव्याला ठेवतात. त्याने दोन-तीन दिवस निभतात, त्याहून जास्त नाही.

महिनोन् महिने वास टिकवायचा तर वाळवणे आणि गोठवणे हे दोनच मार्ग उरतात. यांतला कोणता, हे या भागात बरेचसे हवामान ठरवते. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा टापू. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक आषाढ ते आश्विन या काळात तुकड्यातुकड्याने पडणारा. बाकी हवा कोरडी. कोकणात सावलीत पाला वाळवायचा म्हटले तर बुरशी धरते, इथे तो वाळतो. पण कोरडी हवा आणि कडक ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाळवण बिघडते ते बहुधा या दोहोंची गल्लत केल्यामुळे.

इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठच्या एका वस्तीवरचा अनुभव यासाठी पाहण्यासारखा आहे. तिथल्या सासू-सुनांनी पुण्यात नोकरीला असलेल्या घरच्या मंडळींना पाठवण्यासाठी पाला वाळवायला घेतला, तो पहिल्यांदा वैशाखात. कुरडया-पापड्यांचे वाळवण चालूच होते, त्यातच एका बाजेवर कढीपत्ता पसरला. हवा तापलेली, शेजारी पत्र्याचे छप्पर, त्यामुळे सकाळी पसरलेला पाला दुपारपर्यंत चुरचुरीत झाला. काम झटपट झाले म्हणून सगळ्यांना समाधान वाटले. पाने मात्र तपकिरी झाली होती आणि डबा उघडल्यावर वास यायचा तो वाळल्या गवताचा. दोन महिन्यांनी पुण्याहून निरोप आला की पाने दिसतात, लागत नाहीत.

दुसऱ्या खेपेस त्यांनी दिवाळी झाल्यावर, कार्तिकात तोड केली. पाऊस थांबलेला, थंडी अजून कडक नाही आणि पाला पावसाळ्याचा भरलेला. तोललेल्या दोन किलो डहाळ्या पाण्याने विसळून दोरीवर उलट्या टांगल्या आणि पाणी निथळू दिले. तासाभराने त्या जुन्या धोतराच्या फडक्यावर पसरून वरून दुसऱ्या फडक्याने टिपून घेतल्या. पृष्ठभागावरचे पाणी पूर्ण जाईपर्यंत पाने देठावरून काढली नाहीत, कारण ओले पान ओढताना देठाशी फाटते. मग पाने खुडली. काड्यांत पाव हिश्शाहून थोडे जास्त वजन गेले आणि पाने दीड किलोच्या जरा आत भरली.

वाळवायला जागा निवडली ती धान्याची खोली. दार-खिडकी समोरासमोर, त्यामुळे वारा वाहता, पण ऊन आत येत नाही अशी. अंगणात न वाळवण्याला आणखी एक कारण होते. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या चिपाडाची काळी राख वाऱ्यावर उडत येते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते तशी पानांवरही बसते. धुतलेली पाने पुन्हा काजळलेली बघण्यापेक्षा खोली बरी. चाळणीसारख्या जाळीच्या दोन चौकटी विटांवर टेकवून खालूनही हवा लागेल अशी सोय केली, त्यावर पाने एकावर एक न येतील इतकी विरळ पसरली आणि वरून पातळ मलमल टाकली. दिवसातून दोनदा हात न घालता चौकट नुसती हलवली. हाताने परतताना पाने चुरगळतात आणि तिथेच वास सुटतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पान वाळले का हे पाहिले, पण पात्याकडे बघून नव्हे. पाते लवकर वाळते, मधली शीर मागे राहते. पान शिरेच्या रेषेवर दुमडले आणि शीर ‘टक्’ करून मोडली तरच ते वाळले. शीर वाकली, मोडली नाही, म्हणजे आत ओल आहे आणि असे पान डब्यात भरले तर आठवड्याभरात कुबट वास येतो. चौकटीच्या कडेची पाने मोडत होती, मधली वाकत होती, म्हणून चौथा दिवसही थांबावे लागले. शेवटी अर्धा किलोच्या जरा वर सुकी पाने हाती आली. ताज्या कढीपत्त्यात साधारण दोन-तृतीयांश पाणी असते, त्यामुळे हे वजन बरोबर उतरले असे म्हणता येते. ते बरेच जास्त भरले असते तर ओल राहिली असा संशय धरायला हरकत नव्हती.

ही पाने अख्खीच भरली. वाळल्याबरोबर मिक्सरमधून पूड करण्याचा मोह होतो, पूड जागाही कमी घेते, पण त्या क्षणी उरल्यासुरल्या ग्रंथी फुटतात आणि वास मिक्सरच्या भांड्यातच संपतो. पूड लागेल तेव्हा लागेल तेवढीच हाताने चुरावी. भरणीसाठी मोठी एक बरणी न घेता लहान चार घेतल्या, कारण अर्धी रिकामी बरणी म्हणजे अर्धी हवा. काचेच्या बरण्या कपाटात, अंधारात ठेवल्या. पहिला आठवडा रोज काचेकडे पाहायचे. आतून वाफ धरलेली दिसली तर पाने लगेच काढून पुन्हा पसरायची. एका बरणीत तशी वाफ दिसली, आणि ती नेमकी चौकटीच्या मधल्या पानांची होती.

या रीतीने वाळवलेली पाने तीन-चार महिने चांगली राहतात. चैत्र उजाडला की स्वयंपाकघर तापते, आणि पत्र्याच्या घरात तर बरणी हाताला कोमट लागते. तेव्हा उरलेल्या बरण्या फ्रिजमध्ये हलवाव्यात. मात्र तिथून काढलेली बरणी लगेच उघडू नये. गार काचेत बाहेरची हवा शिरली की आत दव धरते आणि चार दिवसांच्या मेहनतीची पाने एका दिवसात मऊ पडतात. अर्धा तास ओट्यावर ठेवून मग झाकण काढावे.

यंत्राने वाळवायचे झाले तर सोलर ड्रायर किंवा विजेचा ट्रे ड्रायर चालतो, पण आतली उष्णता ४५ ते ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. काचेच्या बंद पेटीत वैशाखातल्या दुपारी तापमान सहज याच्या पुढे जाते, म्हणून पेटीवर गोणपाट टाकणे किंवा झडप उघडी ठेवणे भाग पडते. पाने आधी उकळत्या पाण्यातून काढली तर रंग हिरवा राहतो, विक्रीच्या पाकिटात ते उठूनही दिसते. पण घरच्या वापराला याचा काही उपयोग नाही. वासाचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर मोरीत जातो.

गोठवणे हे वासाच्या दृष्टीने वाळवण्याहून सरस. थंडीत तेल उडत नाही आणि गंधकाचा तो नाजूक घटकही बराचसा टिकतो. पाला सर्वांत मुबलक असतो तेव्हा, म्हणजे श्रावण-भाद्रपदात, वाळवण शक्य नसते. त्या दिवसांसाठी हाच मार्ग योग्य. धुणे, निथळणे आणि टिपणे वरच्यासारखेच, फक्त इथे पान पूर्ण कोरडे होण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. पंख्याखाली दोन-तीन तास ठेवलेले चांगले. पाण्याचा एक थेंब राहिला तरी त्याचा बर्फ होतो, पाने एकमेकांना चिकटवतो आणि पुढे तापल्या तेलात पडला की तडतडून अंगावर उडतो.

पाने खुडून स्टीलच्या ताटात एक थर पसरावीत आणि ताट तसेच फ्रीजरमध्ये ठेवावे. दोन तासांनी ती कडक होतात. मग भराभर झिपच्या पिशवीत भरून, पिशवी हलक्या हाताने दाबून हवा काढून बंद करावी. हे दोन टप्पे टाळून ओंजळभर पाने सरळ पिशवीत कोंबली तर त्यांचा गोळा होतो, आणि चार पानांसाठी दर वेळी अख्खा गोळा बाहेर काढावा लागतो. पिशव्या लहान करून, आठवड्याला एक संपेल अशा हिशेबाने भरलेल्या सोयीच्या.

गोठलेले पान ओट्यावर सैल होऊ देऊ नये. गोठताना पेशींत बर्फाचे कण होऊन त्या फुटलेल्या असतात. पान सैल पडले की आतले रस एकमेकांत मिसळून ते पाच-दहा मिनिटांत काळे पडते आणि वास बाहेर जातो. म्हणून तेल तापले, मोहरी तडतडली की पिशवी उघडायची, लागतील तेवढी पाने थेट तेलात टाकायची आणि पिशवी लगेच परत ठेवायची. प्रमाण ताज्याइतकेच. वाळलेल्या पानाची गोष्ट उलट आहे. ते तापल्या तेलात डोळ्याची पापणी लवते न लवते तोच जळते. ते आच बंद केल्यावर फोडणीत घालावे किंवा हाताने चुरून थेट आमटीत, शिवाय ताज्याच्या दीडपट-दुप्पट घ्यावे लागते.

किती दिवस टिकेल हे फ्रीजरवर अवलंबून आहे. उणे १८ अंशांचा डीप फ्रीझर असेल तर सहा महिने वासात फारसा फरक जाणवत नाही. एका दाराच्या फ्रिजमधल्या वरच्या खणात तेवढी थंडी नसते, बर्फाचा थरही साचतो, तिथे दोन-तीन महिनेच धरावेत. गावाकडे खरी अडचण विजेची. वळवाच्या वाऱ्यात खांब पडला किंवा रोहित्र जळले की वीज कधी येईल ते सांगता येत नाही. पिशवी अर्धी विरघळून पुन्हा गोठते आणि वरून काही कळत नाही. त्यासाठी एक युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपया ठेवावा आणि वाटी पिशव्यांच्या शेजारीच राहू द्यावी. गावाहून परत आल्यावर रुपया वरच दिसला तर पाने ठीक, तळाला गोठलेला दिसला तर मधल्या काळात सगळे वितळले होते. अशा पिशवीतली पाने एकमेकांना चिकटून काळसर झालेली आढळतात. ती वास उरला असेल तोवर त्याच दिवशी चटणीत भाजून संपवावीत. पण वीज जाऊन बराच वेळ झालेला असेल, पिशवीतले पाणी उबट झाले असेल, तर टाकून द्यावीत.

पाने वाटून तेलात घालून बर्फाच्या साच्यात गोठवण्याचीही रीत आहे. भाजीच्या मसाल्याला ती सोयीची. पण ताजी पाने तेलात बुडवून ती बरणी ओट्यावर ठेवणे धोक्याचे आहे. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि अशा ठिकाणी वाढणाऱ्या जंतूंचे विष वासाने किंवा चवीने ओळखू येत नाही. तेलातली पाने ठेवायची तर फ्रीजरमध्येच.

वस्तीवरच्या त्या घरात आता दोन्ही चालते. भाद्रपदातला पाला फ्रीजरमध्ये जातो आणि घरीच संपतो. कार्तिकातला वाळवून पुण्याला जातो, कारण एसटीच्या प्रवासात गोठलेली पिशवी टिकत नाही. पाठवण्याआधी सासूबाई प्रत्येक बरणीतले एक पान काढून शिरेवर मोडून बघतात.